नाकारलेल्या खेपेचे कलम मराठीत आणताना

प्रश्न: नागपूरच्या एका ज्यूस कंपनीचा संत्रा पुरवठ्याचा करार इंग्रजीत आहे. काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना सही करण्याआधी वाचता यावा म्हणून मराठीत करून मागितलाय. एका कलमावर अडलोय. सोपं केलं तर अर्थ हलतो, शब्दाला शब्द ठेवला तर कुणाला कळत नाही. कलम असं आहे (इंग्रजीच, देवनागरीत लिहितो): “द बायर मे, विदिन २४ अवर्स ऑफ रिसीट, रिजेक्ट एनी कन्साइनमेंट इन विच मोअर दॅन ५% ऑफ द फ्रूट बाय वेट इज डिकेड ऑर अंडरसाइज्ड, अँड द ग्रोअर शॅल रिमूव्ह द रिजेक्टेड कन्साइनमेंट ॲट हिज ओन कॉस्ट विदिन ४८ अवर्स ऑफ नोटीस, फेलिंग विच द बायर मे डिस्पोज ऑफ इट, प्रोव्हायडेड दॅट द बायर शॅल नॉट रिजेक्ट अ कन्साइनमेंट सोलली ऑन अकाउंट ऑफ कलर.” कसं करावं?

उत्तर: आधी कंपनीला एक गोष्ट विचारून घ्या. मराठी प्रत फक्त वाचण्यासाठी आहे, की तिच्यावरही सह्या होणार आहेत? वाचण्यापुरती असेल आणि वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल असे करारातच लिहिले असेल, तर तुम्हाला वाक्यरचनेत बरीच मोकळीक आहे. दोन्ही प्रतींवर सह्या होणार असतील तर तुमचे प्रत्येक वाक्य उद्या कुणीतरी वकील बोट ठेवून वाचणार आहे, असे धरून चाला. खाली मी दुसरी, कडक परिस्थिती गृहीत धरली आहे. तिच्यात टिकेल ते पहिलीतही चालेल.

भाषांतराला बसण्याआधी कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कोण, काय, केव्हा, आणि नाही केले तर काय. हे कलम त्यात घातले की त्यातून पाच वेगळ्या गोष्टी निघतात. खरेदीदाराला खेप नाकारण्याचा अधिकार आहे. त्या अधिकाराला २४ तासांची मुदत आहे. उत्पादकावर ४८ तासांत खेप उचलण्याचे बंधन आहे. त्याने उचलली नाही तर खरेदीदाराला आणखी एक अधिकार मिळतो. आणि रंगाबाबत खरेदीदारावर मनाई आहे. म्हणजे अधिकार दोन, मुदती दोन, बंधन एक, मनाई एक. मराठी झाल्यावर हीच मोजणी पुन्हा करायची आहे. एखादे बंधन वाढले किंवा एखादा अधिकार कमी झाला तर तिथेच कळते. इंग्रजीत हे सगळे एका वाक्यात बांधले आहे म्हणून मराठीतही एकच वाक्य हवे असे काही नाही. एका वाक्याला एक अधिकार किंवा एक बंधन ठेवले तर बागायतदाराला कळते आणि वकिलालाही तपासता येते.

आता क्रियापदे. ‘मे’ आणि ‘शॅल’ यांचा फरक मराठीत साध्या भविष्यकाळात विरघळून जातो. “खरेदीदार खेप नाकारेल” असे लिहिले तर नाकारणे सक्तीचे वाटते. सात टक्के माल सडका असला तरी गरज असेल तर खरेदीदार ती खेप ठेवून घेऊ शकतो, ही इंग्रजीतली मोकळीक त्यात उरत नाही. “नाकारू शकेल” बरे, पण त्यात ‘त्याला जमेल’ असाही सूर आहे. कराराच्या मराठीत मी ‘मे’साठी “अधिकार राहील” ठेवते आणि बंधनाच्या ‘शॅल’साठी “बंधनकारक राहील”. “उचलून न्यावी” हे रूप टाळा. आपल्याकडे ‘न्यावी’ म्हणजे आज्ञाही होते, विनंतीही होते आणि सल्लाही होतो. मनाईच्या ठिकाणी “नाकारणार नाही” लिहिले तर ते कंपनीचे आश्वासन वाटते. “नाकारता येणार नाही” म्हटले की अधिकारच नाही हे स्पष्ट होते. ही तीन रूपे एकदा ठरली की पूर्ण करारात तीच चालवा. वाचायला बरे वाटावे म्हणून एका कलमात “बंधनकारक” आणि दुसऱ्यात “आवश्यक” लिहिले, तर दोन्हींत काहीतरी फरक अभिप्रेत आहे असा अर्थ काढायला जागा मिळते.

सगळ्यांत जास्त नुकसान होते ते २४ तासांच्या जागेमुळे. मराठीत वेळ सांगणारे शब्द आपण सहज वाक्याच्या सुरुवातीला टाकतो. मग असे वाक्य तयार होते: “माल मिळाल्यापासून २४ तासांच्या आत ५ टक्क्यांहून अधिक फळे सडलेली आढळल्यास खरेदीदाराला माल नाकारता येईल.” कानाला बरोबर लागते. पण इथे २४ तास ‘आढळल्यास’ला चिकटले आहेत. सड २४ तासांत सापडली की पुरे, नाकारायला मग चार दिवस लावले तरी चालतील, असा अर्थ निघतो. इंग्रजीत मुदत नाकारण्याला आहे. ट्रक सोमवारी सकाळी १० वाजता उतरला, मंगळवारी सकाळी ९ ला सड दिसली, आणि कंपनीने नाकारल्याचे मंगळवारी दुपारी २ वाजता कळवले, असे समजा. इंग्रजीप्रमाणे मुदत मंगळवारी सकाळी १० लाच संपली, त्यामुळे चार तास उशीर झाला. वरच्या मराठी वाक्याप्रमाणे मात्र कंपनी वेळेत आहे. एका कलमाचे दोन करार झाले. उपाय सोपा आहे: मुदतीला स्वतःचे वाक्य द्या आणि ती ‘अधिकार’ या शब्दाला बांधा. “हा अधिकार खेप मिळाल्यापासून २४ तासांच्या आतच वापरता येईल.” इथला ‘च’ नवीन काही आणत नाही, इंग्रजीतल्या मुदतीची धार तेवढी टिकवतो.

पाच टक्क्यांच्या भागात तीन सापळे आहेत. पहिला वजनाचा. “५ टक्के फळे” म्हटले की बागायतदार फळे मोजतो, पण कलम वजनाबद्दल बोलते. लहान फळे संख्येने पुष्कळ आणि वजनाने थोडी असतात, म्हणून इथे फरक लगेच पडतो. शिवाय वजन फळांचे आहे, क्रेटचे नाही. “मालाच्या वजनाच्या” लिहिले तर क्रेट धरायचे की नाही हा वाद तुम्ही फुकट निर्माण केला. “फळांच्या एकूण वजनाच्या” लिहा.

दुसरा सापळा ‘ऑर’चा. “५ टक्क्यांहून अधिक फळे सडलेली किंवा लहान असल्यास” हे वाक्य दोन प्रकारे वाचता येते: सडलेली ५ टक्क्यांवर, किंवा लहान ५ टक्क्यांवर, असे वेगवेगळे, नाहीतर दोन्ही मिळून ५ टक्क्यांवर. ‘किंवा’च्या जागी ‘व’ टाकला तर त्याहून वाईट, कारण सडलेलेही आणि लहानही असलेले फळच तेवढे धरायचे असे होते. आकडे घालून बघा. खेपेत फळांचे वजन ८,००० किलो, म्हणजे ५ टक्के ४०० किलो. त्यात सडलेली फळे २५० किलो, लहान फळे १९०. या दोन्हींत ६० किलो फळे अशी की ती सडलेलीही आहेत आणि लहानही. वेगवेगळे मोजले तर दोन्ही ४०० च्या आत. नुसती बेरीज केली तर ४४०, खेप नाकारता येते. प्रत्येक फळ एकदाच मोजले तर २५० अधिक १९० वजा ६०, म्हणजे ३८०, आणि खेप नाकारता येत नाही. इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ तिसरा आहे: जे फळ सडलेले असेल किंवा लहान असेल ते या गटात, आणि एकदा गटात आले की ते दोनदा मोजण्याचा प्रश्न नाही. मराठीत तो अर्थ ‘जी-अशी’ रचनेने नेमका बसतो: “जी फळे सडलेली असतील किंवा ठरलेल्या आकारापेक्षा लहान असतील, अशा सर्व फळांचे मिळून वजन”. जी-अशी म्हटले की वाक्य लांबते, लांबू द्या.

तिसरा सापळा शब्दांचा. ‘डिकेड’ला “खराब” लिहू नका. खराब म्हटले की डागी, चेपलेले, सालीला ओरखडा असलेले सगळेच त्यात येते, आणि कंपनीचा अधिकार न मागता वाढतो. “सडलेली” हाच शब्द घ्या. ‘अंडरसाइज्ड’साठी आपल्या भागात “चुरी” हा बाजारी शब्द तयार आहे आणि बागायतदाराला तो ऐकताक्षणी कळेल, तरी कलमात तो नको. चुरी कुठल्या मापाखाली म्हणायची ते व्यापाऱ्यागणिक बदलते. करारात आकाराचे परिशिष्ट असेल तर “परिशिष्टात ठरलेल्या आकारापेक्षा लहान” असे लिहून त्याकडे बोट दाखवा. परिशिष्ट नसेल तर “ठरलेल्या आकारापेक्षा लहान” एवढ्यावर थांबा आणि माप कुठेच दिलेले नाही हे कंपनीला लेखी कळवा. माप तुम्ही घालायचे नाही. ५० मिलिमीटर हे कितीही रास्त वाटले तरी तो आकडा घातला की तुम्ही कराराची अट लिहिली, भाषांतर केले नाही.

‘रिजेक्ट’ला पुष्कळ जण “माल परत करणे” लिहितात, कारण बोलताना आपण तसेच म्हणतो. इथे ते महागात पडेल. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदारावर तो माल विक्रेत्याकडे परत पोचवण्याचे बंधन नसते. नाकारत असल्याचे त्याने कळवले की पुरे. या करारातही खेप उचलणे उत्पादकाच्या गळ्यात आहे. “परत करण्याचा अधिकार” लिहिले की ट्रक कुणी करायचा, भाडे कुणी द्यायचे, हा प्रश्न तुमच्या मराठीतून उगवतो. म्हणून “नाकारणे”. आणि ‘कन्साइनमेंट’ला “माल” नको, “खेप” हवी. “माल नाकारता येईल” यात खेपेतला फक्त सडका माल बाजूला काढून बाकीचा ठेवता येईल असे वाचता येते. इंग्रजीत अधिकार अख्खी खेप नाकारण्याचा आहे, छाटणी करून अर्धी ठेवण्याचा या कलमात नाही. बागायतदारासाठी हा फरक फार मोठा आहे, तो त्याला वाचतानाच दिसायला हवा.

खर्चाचा भाग छोटा आहे. “नाकारलेली खेप स्वखर्चाने उचलली जाईल” असे कर्मणी वाक्य केले की ‘स्व’ कोण ते हरवते. कर्ता वाक्यात ठेवा: “उत्पादकाने स्वतःच्या खर्चाने”. याच कारणासाठी ‘तो’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ ही सर्वनामे पक्षांसाठी वापरूच नका. प्रत्येक वेळी “खरेदीदार” आणि “उत्पादक” पुन्हा लिहा. आदरार्थी अनेकवचनही इथे बाजूला ठेवावे लागते. बागायतदाराला मान द्यावा म्हणून “उत्पादकांनी” लिहिले तर एक उत्पादक की सगळे मिळून, हे कळत नाही. बाप-लेकांनी किंवा भावाभावांनी मिळून सही केली असेल तर जबाबदारी कुणाची, हा वाद त्या एका अनुस्वारातून उभा राहतो. मान मायन्यात द्या, कलमात एकवचन ठेवा.

४८ तासांपाशी वेगळी अडचण आहे. इथे इंग्रजीच मोघम आहे. ‘ऑफ नोटीस’ म्हणजे नोटीस दिल्यापासून की मिळाल्यापासून? मराठीत क्रियापद घातले की तुम्ही बाजू घेतली. “दिल्यापासून” म्हटले तर पोस्टात गेलेला वेळ उत्पादकाचा, “मिळाल्यापासून” म्हटले तर कंपनीचा. आधी करारातले नोटिशीचे कलम शोधा. नोटीस केव्हा पोचली असे धरायचे हे बहुतेक करारांत तिथे लिहिलेले असते, आणि असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर “नोटिशीपासून ४८ तासांच्या आत” असा मोघमपणा तसाच ठेवता येतो, मराठीत तो चालतो. तो ठेवा आणि कंपनीला विचारा. मूळच्या संदिग्धतेवर भाषांतरकाराने गुपचूप उत्तर देणे मला कधीच मान्य नाही. ते उत्तर कुणाच्या तरी खिशातून जाते आणि त्या माणसाला विचारलेले नसते.

‘फेलिंग विच’ला “अन्यथा” पुरत नाही. अन्यथा म्हणजे नेमके काय घडले नाही तर? उचलले नाही तर, की खर्च दिला नाही तर? पूर्ण लिहा: “उत्पादकाने त्या ४८ तासांत नाकारलेली खेप उचलून नेली नाही, तर”. आणि ‘डिस्पोज ऑफ’. “विल्हेवाट” हा शब्द सरकारी मराठीत विक्रीलाही चालतो, पण गावात विल्हेवाट म्हणजे फेकून देणे, खड्ड्यात पुरणे. बागायतदार समजेल की उचलली नाही तर फेकतील, एवढेच. प्रत्यक्षात कंपनीला ती खेप कळमन्याच्या बाजारात नेऊन विकताही येईल. म्हणून “विक्री करून अथवा अन्य रीतीने विल्हेवाट लावण्याचा अधिकार”. विकली तर पैसे कुणाचे, हे कलमात नाही. “ती रक्कम उत्पादकाला देऊन” किंवा “रक्कम स्वतःकडे ठेवून” यातले काहीही तुम्ही लिहायचे नाही, मनाला कितीही टोचले तरी. ते शंकांच्या यादीत सगळ्यांत वर लिहा.

राहिला रंग. आंबिया बहाराचे फळ आतून पिकलेले असून साल हिरवी राहते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. या परंतुकाची मुळे तिथे असावीत. इथे सगळा भार ‘सोलली’वर आहे. “रंगाच्या कारणावरून नाकारता येणार नाही” एवढेच लिहिले, तर रंग हिरवा आहे आणि सडही ६ टक्के आहे अशा खेपेबद्दलही बागायतदार म्हणू शकेल की रंगाचा उल्लेख केला म्हणून नकार रद्द. “केवळ” हवाच, आणि तो ‘रंगाच्या’ला अगदी लागून हवा. “रंगाच्या कारणावरून केवळ खेप नाकारता येणार नाही” म्हटले की केवळ खेपेला चिकटतो आणि वाक्याचा अर्थच जातो. परंतुक इंग्रजीत शेवटी आहे, पण ते नाकारण्याच्या अधिकाराला मर्यादा घालते. म्हणून मराठीत मी ते त्या अधिकाराच्या लगेच खाली आणते. तसे करताना ‘रिमूव्ह’ आणि ‘डिस्पोज’ला त्याचा धक्का लागत नाही ना, हे बघून घ्यायचे. इथे लागत नाही, कारण परंतुकात ‘रिजेक्ट’ हा शब्द स्वतःच आहे.

सगळे जोडल्यावर असे होते:

> खेप नाकारणे
>
> (अ) एखाद्या खेपेतील जी फळे सडलेली असतील किंवा ठरलेल्या आकारापेक्षा लहान असतील, अशा सर्व फळांचे मिळून वजन त्या खेपेतील फळांच्या एकूण वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक असल्यास, ती खेप नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराला राहील. हा अधिकार खेप मिळाल्यापासून २४ तासांच्या आतच वापरता येईल.
>
> (आ) परंतु, केवळ रंगाच्या कारणावरून खरेदीदाराला कोणतीही खेप नाकारता येणार नाही.
>
> (इ) नाकारलेली खेप उत्पादकाने नोटिशीपासून ४८ तासांच्या आत स्वतःच्या खर्चाने उचलून नेणे बंधनकारक राहील.
>
> (ई) उत्पादकाने त्या ४८ तासांत नाकारलेली खेप उचलून नेली नाही, तर त्या खेपेची विक्री करून अथवा अन्य रीतीने विल्हेवाट लावण्याचा अधिकार खरेदीदाराला राहील.

कलमाचा मूळ क्रमांक बदलू नका. दुसरीकडे “कलम ७ मध्ये म्हटल्याप्रमाणे” असे संदर्भ असतात, ते तुटतात. आत अ-आ-इ-ई पाडायलाही कंपनीची संमती घ्या. नाही म्हणाले तर हीच चार वाक्ये एका परिच्छेदात सलग ठेवा, अर्थ तोच राहतो.

तपासणीसाठी, ज्याने इंग्रजी पाहिलेले नाही अशा माणसाला फक्त मराठी द्या, शक्यतो संत्र्याच्या व्यवहारातल्या. “कळले का?” असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रसंग द्या आणि उत्तर मागा. ८,००० किलोची वरची खेप: नाकारता येते का? सोमवारी १० ला आलेली खेप मंगळवारी २ ला नाकारली: चालेल का? ३ टक्के सड, ३ टक्के लहान, एकही फळ दोन्हींत नाही: काय होईल? ७ टक्के सड आहे, पण कंपनीला माल हवा आहे: ठेवता येईल का? हिरव्या सालीची खेप, सड १ टक्का, लहान फळ एकही नाही: नाकारता येईल का? याच प्रश्नांची उत्तरे इंग्रजी कलमावरून तुम्ही आधीच लिहून ठेवा: नाही, नाही, नाकारता येते, ठेवता येईल, नाही. दोन्ही बाजूंची उत्तरे जुळली नाहीत, तर जिथे फरक पडला ते वाक्य पुन्हा लिहा. समजावून सांगत बसू नका. बागायतदार सही करेल तेव्हा समजावायला तुम्ही शेजारी नसाल.

मसुद्यासोबत कंपनीला एक पानी शंकापत्रक द्या. या कलमापुरते त्यात पाच मुद्दे येतील: विकलेल्या खेपेची रक्कम कुणाची, आकाराचे माप कुठे दिले आहे, ४८ तास नोटीस दिल्यापासून की मिळाल्यापासून, ‘खेप मिळाली’ म्हणजे फाटकावर आली तेव्हा की वजनकाट्यावर उतरली तेव्हा, आणि सडलेली व लहान फळे मिळून ५ टक्के हा अर्थ त्यांनाही मान्य आहे का. पाचव्या मुद्द्याशेजारी ८,००० किलोचे उदाहरण आकड्यांसह लिहा. उत्तरे लेखी घ्या. कंपनीने त्यातले काही बदलले, तर आधी इंग्रजी कलम दुरुस्त करून मागा आणि मगच मराठीला हात लावा.